सेल्फ-बिलिंग

विकलेल्या मालाचे बिल विक्रेत्याने न बनवता खरेदीदाराने त्याच्या वतीने बनवायचे आणि त्याची प्रत विक्रेत्याला पाठवायची, या पद्धतीला सेल्फ-बिलिंग म्हणतात. मालाचे खरे वजन, प्रत किंवा भाव खरेदीदाराच्या दारात ठरतो अशा धंद्यांत ती रुळली. भंगाराचा व्यापार, डेअऱ्यांची दूधखरेदी आणि पुस्तकांच्या खपावर ठरणारे लेखकांचे मानधन ही त्याची नेहमीची क्षेत्रे. महाराष्ट्रात साखर कारखाना शेतकऱ्याच्या उसाचे बिल स्वतःच्या काट्यावरच्या वजनावरून काढतो, त्यामागचे कारण हेच. फरक एवढाच की ब्रिटनसारख्या देशात खरेदीदाराने काढलेला हा कागद कायद्याने विक्रेत्याचे करबीजक ठरतो. त्यावर दाखवलेला व्हॅट विक्रेत्याने सरकारात भरायचा असतो आणि तोच व्हॅट खरेदीदार आपल्या विवरणपत्रात परत मागतो. कागद एकाच्या हातचा आणि कर दुसऱ्याच्या अंगावर, म्हणून पडताळणी दोघांनाही करावी लागते. पुढील वर्णन ब्रिटनमधील पद्धतीचे आहे.

करार

यासाठी ब्रिटनच्या करखात्याची, म्हणजे एचएमआरसीची, आधी परवानगी लागत नाही. मात्र दोन्ही पक्षांत करार हवा आणि तपासणीत तो दाखवता आला पाहिजे. त्यात विक्रेता खरेदीदाराला बिले काढण्याची संमती देतो आणि त्या व्यवहारांची स्वतःची बिले काढणार नाही असे लिहून देतो. व्हॅट नोंदणी रद्द झाली, नवा क्रमांक मिळाला किंवा धंदा दुसऱ्याकडे गेला, तर कळवण्याची जबाबदारीही तो घेतो. कराराला मुदत असते, बहुधा 12 महिन्यांची किंवा मूळ खरेदी-करार संपेपर्यंतची. मुदत संपल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही आणि बिले मात्र निघत राहतात, ही अगदी नेहमीची चूक आहे. म्हणून खरेदीदाराने सर्व विक्रेत्यांची यादी मुदतीच्या तारखांसह ठेवावी आणि मुदत संपायच्या महिनाभर आधी नूतनीकरणाचा कागद पाठवावा.

एका बिलाचा हिशेब

समजा, एका यंत्रशाळेतून लेथवर निघालेला पोलादाचा कीस भंगार व्यापाऱ्याकडे गेला. काट्यावर भरलेल्या गाडीचे वजन 12,480 किलो आणि माल उतरवल्यावर रिकाम्या गाडीचे 9,960 किलो भरले, म्हणजे माल 2,520 किलो. किसाला यंत्राचे तेल चिकटलेले असते, म्हणून ठरल्याप्रमाणे 5 टक्के, म्हणजे 126 किलो घट धरली. उरलेल्या 2,394 किलोला टनामागे 150 पौंड या उदाहरणादाखल धरलेल्या भावाने 359.10 पौंड झाले. त्यावर 20 टक्के व्हॅट 71.82 पौंड, एकूण 430.92 पौंड.

या बिलावर विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि व्हॅट क्रमांक येतो, शिवाय ते सेल्फ-बिलिंगचे असल्याचा स्पष्ट उल्लेख आणि एक ठरावीक वाक्य:

```
SELF BILLING
The VAT shown is your output tax due to HMRC
```

दाखवलेला व्हॅट हा तुमच्या विक्रीवरचा असून तो तुम्ही एचएमआरसीला देणे लागता, असे हे वाक्य विक्रेत्याला बजावते.

खरेदीदार काय तपासतो

खरेदीदाराचा सगळा धोका विक्रेत्याच्या व्हॅट क्रमांकात असतो. विक्रेता नोंदणीकृत नसेल तर बिलावर व्हॅट दाखवताच येत नाही आणि दाखवला तरी तो परत मागता येत नाही. 1 एप्रिल 2024 पासून ब्रिटनमध्ये नोंदणीची मर्यादा वार्षिक 90,000 पौंड आणि नोंदणी सोडण्याची 88,000 पौंड आहे. त्यामुळे धंदा जरा मंदावला की छोटा विक्रेता नोंदणी सोडू शकतो, आणि भंगारवाल्याला कळवायचे त्याच्या ध्यानातही राहत नाही. सरकारी संकेतस्थळावर व्हॅट क्रमांक तपासण्याची सोय आहे. तिथे स्वतःचा क्रमांकही भरला तर तपासणीचा संदर्भ क्रमांक मिळतो. कोणत्या दिवशी काय तपासले याचा तो पुरावा असल्याने कराराच्या फाइलला जोडून ठेवावा. वर्षातून एकदा तपासणे कमी पडते. तिमाही विवरणपत्राआधी सगळी यादी तपासून घेणे शहाणपणाचे.

विक्रेता काय तपासतो

विक्रेत्याने आधी वजन पाहावे. दोन्ही वजनांवर वेळ छापलेली काट्याची चिठ्ठी मागावी. रिकाम्या गाडीचे वजन त्याच फेरीत केले की संगणकात साठवलेले जुनेच वापरले, हे तीवरून कळते. साठवलेले वजन प्रत्यक्षापेक्षा 80 किलोने जास्त असेल, तर प्रत्येक फेरीत विक्रेत्याचे 80 किलो बुडतात आणि बिल मात्र आकडेमोडीने बिनचूक दिसते. त्यानंतर घटीची टक्केवारी आणि मालाची प्रत पाहावी. घट एकाएकी 5 वरून 8 टक्क्यांवर गेली असेल तर माल उतरवतानाचे फोटो मागण्यात काही गैर नाही.

सर्वांत महाग पडणारी चूक मात्र हिशेबाच्या टेबलावर होते. भंगार व्यापाऱ्याच्या नावाचे, त्याच्याच बिल क्रमांकाचे कागद टपालात आले की कारकुनाला ते खरेदीचे बिल वाटते. वरच्या उदाहरणात 71.82 पौंड भरायचे असताना तो तेवढेच परत मागतो आणि विवरणपत्र 143.64 पौंडांनी चुकते. हे ओळखायची खूण सोपी आहे: बँकेत पैसे आलेले असतात, पण खातेवहीत त्याच व्यापाऱ्याला पैसे देणे असल्याचे दिसते. दुसरी चूक याच्या उलट. विक्रेत्याची संगणकप्रणाली माल बाहेर पडताच आपोआप बिल काढते, मग एकाच मालाची दोन बिले होतात आणि व्हॅट दोनदा भरला जातो. अशा ग्राहकासाठी आपोआप बिल निघण्याची सोय बंद करून ठेवावी लागते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 2013 च्या भंगार कायद्याने रोख पैसे द्यायला मनाई आहे. याचा इथे फायदाच होतो, कारण प्रत्येक बिलासमोर बँकेतली एक जमा सापडायलाच हवी.

चूक सापडल्यावर

दुरुस्तीही खरेदीदारानेच करायची. विक्रेत्याने स्वतः नवे बिल काढले तर करार मोडतो. त्याने चिठ्ठीची प्रत जोडून हरकत लेखी कळवावी आणि खरेदीदाराने मूळ बिलाचा क्रमांक लिहून क्रेडिट नोट किंवा पूरक बिल द्यावे. बिलात व्हॅट कमी दाखवला गेला असेल, तर तेवढी रक्कम विक्रेत्याऐवजी खरेदीदाराकडून वसूल करण्याचा अधिकार 1994 च्या व्हॅट कायद्याच्या कलम 29 ने करखात्याला दिला आहे.

इतर देश

जर्मनीत अशा बिलावर ‘गुटश्रिफ्ट’ हा शब्द लिहावा लागतो, आणि विक्रेत्याने हरकत घेतली की त्या कागदाचे बीजकपण संपते. भारतात जीएसटीमधले ‘सेल्फ-इनव्हॉइस’ नावाने जवळचे असले तरी वेगळे आहे. तिथे विक्रेता नोंदणीकृत नसतो आणि रिव्हर्स चार्जखाली कर खरेदीदारच सरकारला भरतो. 10 ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचे भंगार घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला हा नियम लागू आहे, आणि 1 नोव्हेंबर 2024 पासून असे बीजक माल मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत काढावे लागते. नोंदणीकृत विक्रेत्याकडून माल घेतला तर मात्र बीजक त्यानेच काढायचे असते.