नागिणीची गोळी फ्लूला का चालत नाही

"नागिणीच्या वेळच्या ॲसायक्लोव्हिरच्या गोळ्या उरल्यात. व्हायरसचंच औषध ना, मग फ्लूला घेतल्या तर?"

काहीही उपयोग होणार नाही. ॲसायक्लोव्हिर पोटात जातं तेव्हा निष्क्रिय असतं. त्याला पहिला फॉस्फेट जोडतो तो नागिणीच्या विषाणूचाच थायमिडीन कायनेज हा एन्झाइम. पुढचे दोन आपल्या पेशी जोडतात. मग विषाणूचा डीएनए पॉलिमरेज, म्हणजे डीएनएची साखळी बनवणारा एन्झाइम, त्याला खरा घटक समजून साखळीत ओवतो, पण पुढची कडी अडकवायला त्यात जागाच नसते आणि साखळी तिथेच थांबते. पहिला फॉस्फेट विषाणूचा थायमिडीन कायनेजच जोडतो, म्हणूनच निरोगी पेशींना औषधाचा फारसा त्रास होत नाही. मज्जातंतूंत सुप्त पडलेला विषाणू मात्र हा एन्झाइम बनवत नाही, त्यामुळे तो औषधाला सापडत नाही.

फ्लूचा विषाणू आरएनएचा. त्याच्याकडे थायमिडीन कायनेज नाहीच, मग गोळी जागी कोण करणार? त्याचा नाजूक दुवा वेगळा आहे: न्यूरामिनिडेज. पेशीवरच्या सियालिक ॲसिड या साखरेला चिकटलेले नवे विषाणू हा एन्झाइम कापून मोकळे करतो. ओसेल्टामिव्हिर हे फ्लूचं औषध त्यालाच अडवतं. विषाणू पसरण्याआधी, शक्यतो लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांत, डॉक्टरांच्या सल्ल्याने ते सुरू केलं तरच चांगला फायदा होतो.