अँटीव्हायरस रिन्यू झाल्याचा मेल आणि त्यातला ‘कॅन्सल’ करायचा फोन नंबर

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गेल्या काही काळात दुकानात एक प्रश्न वारंवार येतो. मेलवर बिल आलेले असते: नॉर्टन, मॅकॅफी किंवा गीक स्क्वॉड या नावाने तुमचे अँटीव्हायरस एक किंवा तीन वर्षांसाठी रिन्यू झाले आहे, 399.99 डॉलर 24 तासांत खात्यातून वजा होतील, रद्द करायचे असल्यास या नंबरवर फोन करा. भारतातल्या काहींना हाच मजकूर रुपयांत येतो. हे बिल खरे आहे का, आणि फोन करायचा का, एवढेच ग्राहकाला विचारायचे असते.

बिल खोटे आहे. फोन करू नका. मेल उघडला म्हणून काही बिघडले नाही. ज्यांना एवढेच हवे होते त्यांनी इथे थांबले तरी चालेल. पण आमचे बरेच ग्राहक सहा-सहा महिने मुलांकडे अमेरिकेत राहतात, तिथल्या बँकेत त्यांची खाती आहेत आणि या फसवणुकीचा मुख्य बाजार तिथेच आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे 2023 मध्ये ज्या कंपन्यांचे नाव वापरून फसवल्याच्या सर्वाधिक तक्रारी आल्या, त्यात बेस्ट बाय आणि तिची दुरुस्ती सेवा गीक स्क्वॉड पहिली होती: सुमारे 52 हजार तक्रारी. म्हणून पुढचे जरा सविस्तर लिहिले आहे.

मेलमध्ये लिंक का नसते

वर्षानुवर्षे आपण सगळ्यांना सांगत आलो, ‘अनोळखी लिंकवर क्लिक करू नका’. या मेलमध्ये क्लिक करायला काहीच नसते. बिल बहुतेक वेळा एक चित्र किंवा पीडीएफ असते, आणि त्यात मोठ्या अक्षरात फोन नंबर. मेल तपासणारी यंत्रणा वाईट लिंक आणि व्हायरस असलेली फाइल शोधते. इथे दोन्ही नसल्याने मेल सरळ इनबॉक्समध्ये येतो.

पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिलात तर बऱ्याचदा तो कुणाचा तरी साधा जीमेलचा असतो, आणि तिथेच सोंग उघडे पडते. पण दर वेळी नाही. एक प्रकार असा आहे की भामटा पेपालवर खाते उघडतो आणि तिथून तुम्हाला पैशाची मागणी किंवा इन्व्हॉइस पाठवतो. तो मेल खरोखर पेपालकडूनच येतो, पत्ता अस्सल असतो. खोटी असते ती टिपणीच्या चौकटीतली ओळ: ‘हा व्यवहार तुम्ही केला नसेल तर या नंबरवर फोन करा.’ ती मागणी तुम्ही स्वतः मंजूर करेपर्यंत एक सेंटही जात नाही. पत्ता खरा दिसला म्हणून नंबरही खरा समजू नका.

रक्कमही विचार करून ठरवलेली असते. फार लहान असती तर माणूस दुर्लक्ष करतो, फार मोठी असती तर हसण्यावारी नेतो. तीन-चारशे डॉलरला माणूस घाबरतो आणि लगेच फोन उचलतो. पैसे वाचवण्याच्या घाईत आपणच भामट्याला फोन लावतो, आणि आपण लावलेल्या फोनवरच्या माणसाचा आपल्याला संशय कमी येतो. सगळी मेख इथे आहे.

फोन केल्यावर काय होते

पलीकडचा माणूस नम्र असतो. बिल नंबर विचारतो, ‘सिस्टीममध्ये’ पाहतो, ‘हो, तुमचे नाव दिसतंय, रद्द करून देतो’ म्हणतो. मग रद्द करण्याचा फॉर्म ‘सुरक्षित सर्व्हर’वर असल्याचे सांगून एक वेबसाइट टाइप करायला लावतो आणि एक कोड देतो. तो फॉर्म नसतो. एनीडेस्क, अल्ट्राव्ह्यूअर किंवा स्क्रीनकनेक्ट यांपैकी एखादे सॉफ्टवेअर तुमच्या कॉम्प्युटरवर उतरते आणि तुमचा माउस त्याच्या हाती जातो. ही सॉफ्टवेअरे स्वतःत वाईट नाहीत. आम्हीही दुरून दुरुस्ती करताना अशीच वापरतो, म्हणून अँटीव्हायरसही सहसा ओरडत नाही.

यानंतरची चाल नीट समजून घ्या. एक उदाहरण आकड्यांनिशी मांडतो.

समजा, काकांच्या अमेरिकन बँकेत चेकिंग खात्यात 4,120 डॉलर आहेत आणि सेव्हिंग खात्यात 26,800. एकूण 30,920. फोनवरचा माणूस म्हणतो, ‘रिफंड आला का ते पाहायला बँकेत लॉग-इन करा.’ काका करतात. तेवढ्यात स्क्रीन काळी होते. ‘सर्व्हरचे काम चालू आहे, बंद करू नका’ असे सांगितले जाते. त्या अंधारात तो काकांच्याच सेव्हिंगमधून काकांच्याच चेकिंगमध्ये 20,000 डॉलर सरकवतो. स्वतःच्या दोन खात्यांत पैसे हलवायला बऱ्याच बँकांत वेगळा ओटीपी लागत नाही.

स्क्रीन परत उजळते. समोर काळ्या चौकटीत ‘रिफंड फॉर्म’ असतो. काकांना 400 टाइप करायला सांगितले जाते. ते 400 टाकतात आणि चौकटीत 20,000 उमटते. तो फॉर्म म्हणजे दोन ओळींची एक फाइल असते. काहीही टाकले तरी ठरलेला आकडाच दाखवते. आता फोनवर आरडाओरड सुरू होते: ‘सर, हे काय केलंत! चारशेच्या जागी वीस हजार गेले! माझी नोकरी जाईल!’ काका चेकिंग खाते पाहतात, तर खरोखर 24,120. सरळमार्गी माणूस ओशाळतो आणि जास्तीचे 19,600 परत करायला तयार होतो.

या क्षणी दोन्ही खाती एकत्र पाहिली तर चेकिंगमध्ये 24,120 आणि सेव्हिंगमध्ये 6,800. बेरीज तीच: 30,920. बाहेरून एक पैसाही आलेला नाही. काकांनी 19,600 ‘परत’ केले की हाती 11,320 उरतात, आणि गेलेली सगळी रक्कम त्यांची स्वतःचीच असते.

काही भामटे पैसे हलवतही नाहीत. ब्राउझरमध्ये `F12` दाबून बँकेच्या पानावर दिसणारा आकडा नुसता खोडून दुसरा लिहितात. पान रिफ्रेश केले की तो नाहीसा होतो, म्हणून ते रिफ्रेश करू देत नाहीत. पहिल्या प्रकारात मात्र रिफ्रेशने काही कळत नाही. त्यामुळे तपासायचे ते दुसऱ्या उपकरणावर, म्हणजे आपल्या मोबाइलवरच्या बँकेच्या ॲपमध्ये, आणि सगळ्या खात्यांची बेरीज करून.

पैसे ‘परत’ मागण्याच्या रीतीवरून तर संशय यायलाच हवा. गिफ्ट कार्ड आणून त्यावरचे आकडे वाचून दाखवा, रोख रक्कम खोक्यात भरून कुरिअर करा, बिटकॉइनच्या मशीनमध्ये टाका, परदेशी खात्यात वायर करा. दुकानातल्या कॅशियरने विचारले तर ‘नातवाला भेट’ सांगा, हेही शिकवले जाते. कुठलीही कंपनी रिफंडची चूक गिफ्ट कार्डने दुरुस्त करत नाही.

एक गोष्ट जाता जाता. फोनवर नाव ‘केविन’ आणि बोलण्याची ढब आपल्याकडची, असे पुष्कळदा असते. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तिथून अमेरिकेच्या कर खात्याचे नाव सांगून तिथल्या लोकांना धमकावले जात होते. तेव्हा ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून विश्वास टाकू नका.

भारतातले कार्ड असेल तर

इथे रिझर्व्ह बँकेचा एक नियम आपल्या बाजूने आहे. कार्डावरून आपोआप होणाऱ्या वर्गणीच्या वजावटीआधी किमान 24 तास बँकेने तुम्हाला कळवायचे असते, आणि 15,000 रुपयांवरच्या अशा वजावटीला दर वेळी ओटीपी लागतो. विमा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचे बिल यांना मर्यादा जास्त आहे, अँटीव्हायरसला नाही. म्हणजे 24,999 रुपये ‘आपोआप’ जाणार असा मेल आला आणि बँकेचा एसएमएस नाही, ओटीपी नाही, तर ते बिल हवेतलेच समजा. शिवाय आमच्याकडून घरच्या एका कॉम्प्युटरसाठी घेतलेल्या अँटीव्हायरसचे वर्षाचे बिल काढून पाहा. एवढी रक्कम त्यात कुठेच नसेल.

तुमच्याकडे नॉर्टन किंवा मॅकॅफी खरोखरच असेल, तर शंका येणे रास्त आहे, कारण त्यांची वर्गणी खरेच आपोआप रिन्यू होऊ शकते. अशा वेळी मेलमधले काहीही न वापरता कॉम्प्युटरवरचे सॉफ्टवेअर उघडा आणि त्यातल्या खाते विभागात मुदत व रिन्यूची तारीख पाहा. गुगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधू नका. जाहिरातीत वर येणारे नंबर याच टोळ्यांचे असू शकतात.

फोन केला असेल, स्क्रीन दिली असेल तर

नुसते बोलणे झाले असेल तर नंबर ब्लॉक करा, पुढचे फोन येतील ते घेऊ नका. कॉम्प्युटर त्यांच्या हाती दिला असेल तर आधी इंटरनेट तोडा: वायफाय बंद करा किंवा पॉवरचे बटन दाबून धरा. मग मोबाइलवरून बँकेला फोन करा, नंबर कार्डाच्या मागचा. पासवर्ड बदलायचे ते त्याच कॉम्प्युटरवरून नव्हे, दुसऱ्या उपकरणावरून. आधी ईमेलचा, मग बँकेचा.

पैसे गेले असतील तर भारतात 1930 वर लगेच फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. रक्कम पुढच्या खात्यांत वाटली जाण्याआधी गोठवता येते, म्हणून इथे तास मोजले जातात. अमेरिकेत असाल तर बँकेला वायर परत बोलवायला सांगा आणि ic3.gov व reportfraud.ftc.gov वर तक्रार करा. गिफ्ट कार्ड असेल तर कार्ड आणि पावती दोन्ही जपून ठेवून कार्ड काढणाऱ्या कंपनीला कळवा. आम्ही खोटी आशा देत नाही: तुम्ही स्वतः पाठवलेले पैसे परत मिळणे अवघड असते. आणि ‘गेलेले पैसे मिळवून देतो’ म्हणून नंतर येणारा फोन सहसा त्यांचाच असतो.

एनीडेस्क काढून टाकले की झाले, असे बरेच जण समजतात. काही वेळा त्याच्या जोडीला दुसरे सॉफ्टवेअर गुपचूप बसवलेले असते, जे कॉम्प्युटर सुरू झाला की आपोआप जोडले जाते. इंटरनेट बंद ठेवूनच विंडोजचे बटन आणि R एकत्र दाबा, हे टाइप करा:

```
appwiz.cpl
```

यादी बसवल्याच्या तारखेने लावा. त्या दिवशी आलेले अनोळखी नाव दिसले, विशेषतः ‘ScreenConnect Client’ आणि पुढे कंसात अक्षर-आकड्यांची माळ, तर स्वतः काही न उडवता यादीचा फोटो काढा आणि कॉम्प्युटर तसाच बंद करून दुकानात आणा. तक्रारीसाठी त्या नोंदी लागतात.

असा मेल आला आणि ठरवता आले नाही, तर त्याचा फोटो दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. नंबर आमच्या छापील बिलावर आहे. पाहून सांगण्याचे पैसे आम्ही घेत नाही.