लघवीची ड्रग चाचणी आणि खसखशीचा पॉझिटिव्ह

नोकरीवर घेण्यापूर्वी, किंवा कामावर असताना अचानक, कर्मचाऱ्याच्या लघवीत अंमली पदार्थांचे अंश आहेत का हे पाहण्याची तपासणी म्हणजे ड्रग पॅनल. नवी मुंबईत ती सर्वांत जास्त वाट्याला येते जहाजावर जाणाऱ्यांच्या. बेलापूर, नेरूळ, वाशी भागात जहाज कंपन्यांची भरती कार्यालये आहेत, आणि जहाजावर रुजू होण्याआधीच्या मेडिकलमध्ये रक्तदाब, डोळे, ऑडिओमेट्री यांच्या जोडीला लघवीची बाटली असतेच. एका पट्टीवर पाच, सहा किंवा दहा पदार्थ तपासतात. त्यावरून तिला फाइव्ह पॅनल, टेन पॅनल असे म्हणतात.

झटपट किटची पट्टी वाचताना नवख्या माणसाची हमखास गल्लत होते, कारण इथे रेघ उमटली तर निगेटिव्ह आणि रेघ उमटली नाही तर पॉझिटिव्ह. पट्टीत रंगीत कण लावलेली प्रतिपिंडे असतात आणि पुढे ‘टी’ या जागी त्याच अंमली पदार्थाचा थर चिकटवलेला असतो. लघवी पट्टीतून वर चढताना प्रतिपिंडांना बरोबर घेऊन जाते. लघवीत पदार्थ नसेल, तर मोकळी प्रतिपिंडे ‘टी’वरच्या थराला चिकटतात आणि रेघ दिसते. पदार्थ पुरेसा असेल, तर त्यांची जागा वाटेतच भरून गेलेली असते. मग चिकटायला काही उरत नाही आणि रेघ येत नाही. फिकट रेघही निगेटिव्हच धरायची असते. पट्टी नीट चालली हे दाखवणारी ‘सी’ची रेघ नसेल तर पट्टीच बाद.

‘पुरेसा’ म्हणजे किती, हे किटवर छापलेल्या मर्यादेवर ठरते, आणि खसखशीचा सगळा घोळ या आकड्यापाशी आहे. बाजारातल्या पुष्कळ किटमध्ये अफूतल्या मॉर्फिनची, म्हणजे ‘एमओपी’ची, मर्यादा मिलिलिटरला 300 नॅनोग्रॅम असते. अमेरिकेच्या सरकारी कार्यक्रमातही पूर्वी तीच होती. खाण्यातल्या खसखशीमुळे निरपराध माणसे अडकतात हे लक्षात आल्यावर 1998 मध्ये ती 2000 वर नेली. आपल्याकडे मात्र हातात कोणते किट आले त्यावर माणसाचे भवितव्य ठरू शकते, हे मला गंभीर वाटते.

खसखस हे अफूच्या बोंडातलेच बी. बियांत स्वतःचे मॉर्फिन जवळजवळ नसते, पण बोंड फोडताना त्यातला चीक बियांना लागतो आणि वाळून वर राहतो. तो किती लागला यावर सगळे अवलंबून असल्याने, काही खसखशीत किलोमागे एक मिलिग्रॅमही मॉर्फिन निघत नाही, तर काहींत शंभराच्या वर जाते. डोळ्यांनी किंवा चवीने हे कळत नाही. धुतल्याने बरेच निघून जाते. वाटणासाठी खसखस भिजत घालून पाणी ओतून दिले तर फरक पडतो. त्याच पाण्यात ती वाटली तर पडत नाही. अनारशाला खसखस कोरडीच लागते. पीठ खसखशीवर थापायचे, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचे आणि न उलटता झाऱ्याने वर तूप उडवायचे. त्यामुळे खसखशीला ना पाणी लागते, ना पूर्ण तळणीची आंच.

हिशेब करून पाहू. भाऊबिजेच्या रात्री एका फिटरने पाच अनारसे खाल्ले आणि सकाळी बेलापूरला मेडिकलला गेला, असे समजा. प्रत्येक अनारशाला चमचाभर, म्हणजे सुमारे 3 ग्रॅम खसखस धरली तर एकूण 15 ग्रॅम झाली. खसखशीत किलोमागे 50 मिलिग्रॅम मॉर्फिन असेल, तर पोटात गेले 0.75 मिलिग्रॅम. त्यातले निम्मे सकाळपर्यंत लिटरभर लघवीतून बाहेर पडले असे धरले, तर मिलिलिटरला सुमारे 375 नॅनोग्रॅम होतात. म्हणजे 300 च्या किटवर रेघ नाही, माणूस पॉझिटिव्ह. 2000 च्या मर्यादेवर तोच माणूस निःसंशय निगेटिव्ह. रात्री पाणी कमी प्यायला असेल तर लघवी दाट होते आणि आकडा आणखी चढतो. एक-दोन दिवसांत तो खाली येतो.

याला ‘खोटा पॉझिटिव्ह’ म्हणतात, पण पट्टी खोटे बोललेली नसते. मॉर्फिन खरोखरच लघवीत असते. चूक होते ती त्यावरून काढलेल्या अर्थात. म्हणूनच प्रयोगशाळेची जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस ही खात्रीची चाचणीही इथे ‘मॉर्फिन आहे’ असेच सांगते. तिला वेगळा प्रश्न विचारावा लागतो: सिक्स-एमएएम आहे का? हा अंश हेरॉइनपासूनच तयार होतो, खसखशीपासून कधीच नाही. तो सापडला तर वाद संपला. सापडला नाही तर मात्र हेरॉइन घेतलेच नव्हते असे म्हणता येत नाही, कारण तो दिवसभरातच नाहीसा होतो. परदेशी लिखाणात खसखशीची खूण म्हणून थेबेन हे अफूच्या झाडातले दुसरे द्रव्य शोधायला सांगतात. आपल्याकडे ती खूण अपुरी आहे, कारण थेबेन कच्च्या अफूत आणि डोड्यात, म्हणजे बोंडाच्या टरफलातही असते. अमेरिकी वाहतूक खात्याच्या नियमात मॉर्फिन मिलिलिटरला 15,000 नॅनोग्रॅम किंवा त्याहून जास्त आले, तर खाण्याचे कारण ऐकलेच जात नाही.

सर्दीच्या औषधांची गोष्ट उलटी आहे. तिथे पट्टी खरोखरच फसते. प्रतिपिंड रेणूला आकारावरून ओळखते. नाक मोकळे करणारे स्यूडोएफेड्रिन आणि मेथॅम्फेटामिन यांच्या रचनेत फरक आहे तो एका ऑक्सिजन अणूचा. त्यामुळे असे औषध भरपूर घेतले तर मेथॅम्फेटामिनची रेघ जाऊ शकते. ओफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन ही प्रतिजैविके काही किटवर अफूवर्गाची रेघ घालवतात. जीसी-एमएस रेणूच वेगळा ओळखते, म्हणून यातले बहुतेक तिथे सुटतात. तिचीही एकेकाळी चूक झाली होती: स्यूडोएफेड्रिन फार असेल तर यंत्राच्या उष्णतेत थोडे मेथॅम्फेटामिन तयार होई. तेव्हापासून मेथॅम्फेटामिनबरोबर ॲम्फेटामिनही ठरावीक प्रमाणात सापडले पाहिजे, असा नियम अमेरिकेत आला. शरीरातून गेलेल्या मेथॅम्फेटामिनचे थोडे ॲम्फेटामिन होतेच. यंत्रात तयार झालेल्याचे होत नाही. खोकल्याच्या कोडीनयुक्त सिरपचे प्रकरण निराळे. कोडीनचे यकृतात मॉर्फिन होते, म्हणून तिथे रेघही खरी आणि खात्रीची चाचणीही खरी. अशा वेळी डॉक्टरची चिठ्ठीच उपयोगी पडते.

विमानसेवेच्या नियमांत पहिल्या फेरीच्या अशा निकालाला ‘पॉझिटिव्ह’ न म्हणता ‘नॉन-निगेटिव्ह’ म्हणतात. हा शब्द सगळीकडे यायला हवा. पहिल्या पट्टीवरच फॉर्मवर ‘अनफिट’ लिहिणे चूक आहे. नमुना त्याच वेळी दोन बाटल्यांत भरून, देणाऱ्यासमोर सील करून, त्याची सही घेऊन ठेवलेला असला तर दुसरी बाटली खात्रीसाठी पाठवता येते. बाटली देण्याआधीच गेल्या आठवड्यातली औषधे फॉर्मवर लिहावीत आणि गोळ्यांचे पाकीट जपून ठेवावे. निकाल आल्यावर किटची मर्यादा किती होती, खात्रीची चाचणी कोणत्या पद्धतीने झाली आणि सिक्स-एमएएम पाहिले का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. दुसऱ्या दिवशी नव्याने दिलेला नमुना निगेटिव्ह आला, तरी त्याने पहिला निकाल खोडला जात नाही, कारण तोवर मॉर्फिन कसेही ओसरलेले असू शकते.