नॉमिनी म्हणून की वारस म्हणून?

डिचोलीच्या एका वहिनींनी विमा कंपनीला पत्र लिहिलं : "माझे पती वारले. मी त्यांची पत्नी व कायदेशीर वारस आहे, तरी विम्याची रक्कम मला मिळावी." सोबत मृत्यूचा दाखला, मूळ पॉलिसी आणि दोघांची आधार कार्डं. काउंटरवरच्या माणसाने 'वारस' हा शब्द वाचला आणि वारस असल्याचा कागद मागितला. खरं तर पॉलिसीत नॉमिनी म्हणून त्यांचंच नाव होतं. त्या कागदाची गरजच नव्हती!

पत्र पुन्हा लिहिलं : "पॉलिसी क्रमांक अमुक, यात मी नॉमिनी आहे व त्या नात्याने दावा करत आहे." नॉमिनीला फक्त एवढंच दाखवायचं असतं की विमेदार वारला आणि पॉलिसीतलं ते नाव माझंच. पतीने पॉलिसी लग्न ठरल्यावर काढलेली, म्हणून तिच्यात वहिनींचं माहेरचं आडनाव. त्यासाठी लग्नाचा दाखला जोडला, पैसे जमा व्हायला रद्द केलेला चेक. मृत्यूचा दाखला मात्र निबंधकाचाच हवा, आणि तोही मृत्यू जिथे झाला तिथल्या. बांबोळीच्या इस्पितळात माणूस गेला तर डिचोलीत नोंद होत नाही. इस्पितळाने दिलेला कागद हा दाखला नव्हे, तो नोंदणीसाठी असतो.

आता दुसरी बाजू. बरेचजण लग्नाआधी पॉलिसी काढतात, नॉमिनी आई. लग्न झालं म्हणून ते नाव आपोआप बदलत नाही. आई हयात असेल तर पैसे आईला जातात, बायकोने कितीही पत्रं लिहिली तरी. 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर ते नुसते पैसे सांभाळणारे नाहीत, त्या पैशांवर हक्कच त्यांचा. पुतण्याला किंवा मित्राला नॉमिनी केलं असेल तर त्याने ते वारसांसाठी घ्यायचे.

नॉमिनी आई विमेदाराच्या आधीच वारली असेल आणि दुसरं नाव घातलेलं नसेल, तेव्हा वारसाचा प्रश्न येतो. इतरत्र त्यासाठी सहसा कोर्टातून उत्तराधिकार प्रमाणपत्र आणतात. गोव्यात विशेष नोटरीसमोर उत्तराधिकाराचा दस्त करता येतो. इथे एक गोष्ट बाहेरच्यांना चमत्कारिक वाटते. समाईक मालमत्तेच्या पद्धतीने लग्न झालेल्या बायकोचा संसाराच्या मालमत्तेत अर्धा वाटा असतो तो मुळातूनच तिचा. नवऱ्याच्या अर्ध्याचे पहिले वारस मुलं. त्यामुळे मुलं असताना "मी एकटीच वारस" असं लिहिलं की दस्त आणि पत्र जुळत नाहीत. पत्रात अर्धी वाटेकरी म्हणून स्वतःचं आणि वारस म्हणून मुलांची नावं लिहायची, दस्ताची प्रत जोडायची, सज्ञान मुलांच्या सह्या घ्यायच्या.

म्हणून पत्राला हात घालण्याआधी पॉलिसीचं नॉमिनीचं पान बघा, आणि मागे चिकटवलेले बदलाचे शेरेही. मूळ पॉलिसी देताना झेरॉक्सवर पोच घ्यायला विसरू नका.