साखरेच्या द्रावणातील ध्रुवणवलन व पोलॅरिमीटरने संहती मोजणे

ध्रुवित प्रकाश साखरेच्या द्रावणातून जाताना त्याच्या कंपनांचे प्रतल हळूहळू फिरत जाते. या फिरण्याला ध्रुवणवलन किंवा नुसते वलन म्हणतात. वलनाचा कोन वाटेत साखरेचे किती रेणू भेटले यावर ठरतो, म्हणून तो कोन मोजला की द्रावणात साखर किती विरघळली आहे ते काढता येते. हा कोन मोजण्याचे उपकरण म्हणजे पोलॅरिमीटर, मराठीत ध्रुवणमापक. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये रोज उच्चारला जाणारा ‘पोल’ हा शब्द याच मापनातून आला आहे.

साध्या प्रकाशात कंपने प्रवासाच्या दिशेला काटकोनात असलेल्या सर्व दिशांना होतात. निकोल लोलकातून किंवा पोलरॉइड पट्टीतून प्रकाश पाठवला की एकाच प्रतलातील कंपने शिल्लक राहतात. अशा प्रकाशाचे प्रतल क्वार्ट्झच्या स्फटिकात फिरते हे फ्रान्समध्ये आरागो यांनी १८११ मध्ये पाहिले. चार वर्षांनी, १८१५ मध्ये, बियो यांना टर्पेंटाइन आणि साखरेचे द्रावण अशा द्रवांतही तोच परिणाम दिसला. हा शोध अधिक महत्त्वाचा होता. क्वार्ट्झ वितळवला की त्याची वलनशक्ती जाते, कारण ती स्फटिकातील अणूंच्या रचनेत असते. द्रावणात मात्र कोणतीही स्फटिकरचना उरत नाही. तरीही वलन होते, म्हणजे हा गुण खुद्द साखरेच्या रेणूचा असला पाहिजे.

द्रावणातले रेणू कसेही आडवेतिडवे फिरत असतात. मग एकाने उजवीकडे फिरवलेले दुसऱ्याने डावीकडे फिरवून हिशेब शून्यावर का येत नाही? याचे उत्तर मळसूत्रात आहे. उजव्या आट्यांचा स्क्रू हातात घेऊन उलटा केला, आडवा धरला, तरी त्याचे आटे उजवेच राहतात. साखरेच्या रेणूलाही असेच उजवे-डावेपण असते. तो आणि त्याची आरशातली प्रतिमा एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. त्यामुळे रेणू कोणत्याही बाजूने सामोरा आला तरी सरासरीने फिरवण्याची दिशा एकच राहते. येणाऱ्या प्रकाशाकडे तोंड करून पाहिल्यावर प्रतल घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरले तर वलन उजवे म्हणजे धन, उलट दिशेने फिरले तर डावे म्हणजे ऋण. उसाची साखर, म्हणजे सुक्रोज, उजवी आहे.

बियो यांच्या नियमानुसार वलनाचा कोन नळीची लांबी आणि संहती या दोन्हींच्या प्रमाणात वाढतो:

θ = S × l × c

यात l ही नळीची लांबी डेसिमीटरमध्ये आणि c ही संहती दर मिलिलिटरला ग्रॅम अशी घ्यायची. S हा त्या पदार्थाचा विशिष्ट वलनांक. सोडियम दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात (५८९ नॅनोमीटर) आणि २० अंश सेल्सिअसला सुक्रोजसाठी तो सुमारे +६६.५ अंश असतो. प्रकाशाचा रंग सांगितल्याशिवाय हा आकडा अपुरा आहे, कारण तरंगलांबी कमी झाली की वलन वाढते. पाऱ्याच्या दिव्याच्या हिरव्या प्रकाशात तीच साखर सुमारे ७८ अंश फिरवते. म्हणूनच पांढऱ्या प्रकाशात उपकरणातून दिसणारे क्षेत्र कधी पूर्ण काळे होत नाही. द्रावणापलीकडचा दुसरा लोलक किंवा पोलरॉइड, म्हणजे विश्लेषक, फिरवत गेले की नुसते रंग बदलत राहतात.

उपकरणाची मांडणी सरळ आहे. दिवा, त्यापुढे प्रकाश ध्रुवित करणारा ध्रुवक, मग द्रावणाची नळी, शेवटी वर्तुळाकार मापपट्टीवर फिरणारा विश्लेषक आणि त्यामागे छोटी दुर्बीण. नळी रिकामी असताना ध्रुवक आणि विश्लेषक काटकोनात आणले की अंधार होतो. द्रावण भरले की उजेड येतो आणि पुन्हा अंधार करण्यासाठी विश्लेषक जितका फिरवावा लागतो तितके वलन. अडचण अशी की ‘सर्वांत जास्त अंधार’ नेमका कुठे आहे हे डोळ्याला कळत नाही. काळोखाच्या आसपास दोन-तीन अंश इकडेतिकडे झाले तरी फरक जाणवत नाही.

ही अडचण लॉरां यांच्या अर्धछाया उपकरणाने सोडवली. १८७० च्या दशकातली ती रचना महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आजही वापरात आहे. ध्रुवकापुढे एक गोल चकती बसवतात. तिचा अर्धा भाग क्वार्ट्झचा आणि अर्धा साध्या काचेचा असतो. क्वार्ट्झचा अर्धा भाग प्रकाशाची कंपने आपल्या अक्षाच्या दुसऱ्या बाजूला तेवढ्याच कोनाने वळवतो. त्यामुळे दुर्बिणीत उभ्या रेषेने विभागलेली दोन अर्धवर्तुळे दिसतात. विश्लेषक जरा एका बाजूला गेला की डावे अर्धवर्तुळ उजळते, दुसऱ्या बाजूला गेला की उजवे. मधल्या एकाच जागी दोन्ही सारखी अंधुक होतात आणि विभागणारी रेषा नाहीशी होते. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन छटांतला बारीकसा फरक डोळा चटकन ओळखतो, म्हणून ही जागा अंशाच्या दहाव्या भागापर्यंत पकडता येते. विश्लेषक ९० अंशांनी पुढे नेला तर दोन्ही अर्धी सारखीच उजळ दिसणारी जागाही सापडते. तिथे वाचन घेऊ नये. भगभगीत उजेडात छटांचा फरक डोळ्याला कळत नाही. क्वार्ट्झ चकतीची जाडी एकाच तरंगलांबीसाठी ठरवलेली असते, म्हणून या उपकरणाला सोडियमचाच दिवा लागतो. तो लावल्यावर आधी गुलाबीसर दिसतो. पक्का पिवळा होईपर्यंत काही मिनिटे थांबावे.

एक उदाहरण पाहू. नळी २० सेंटिमीटरची, म्हणजे २ डेसिमीटर. प्रथम ऊर्ध्वपातित पाणी भरून सारख्या अंधाराची जागा पाहिली, वाचन आले ४.२ अंश. अज्ञात द्रावण भरल्यावर तीच जागा १५.५ अंशांवर मिळाली. वलन झाले ११.३ अंश. त्याला २ × ६६.५ म्हणजे १३३ ने भागले की ०.०८५ ग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ८.५ ग्रॅम साखर. पण एक शंका उरते. विश्लेषक १८० अंश फिरला तरी दृश्य तेच असते, मग हे वलन उजवे ११.३ अंश की डावे १६८.७? द्रावणात तेवढेच पाणी घालून पुन्हा पाहावे. वलन निम्मे, म्हणजे ५.६५ झाले तर पहिला अर्थ बरोबर. डावे असते तर ते ८४.३५ वर आले असते आणि सारख्या अंधाराची जागा अगदीच वेगळ्या ठिकाणी सापडली असती.

दहाव्या अंशाची चूक इथे एका टक्क्याच्या आसपास पडते. तेच द्रावण १०० मिलिलिटरला एक ग्रॅमचे असते तर वलन जेमतेम १.३ अंश झाले असते आणि तेवढीच चूक साडेसात टक्क्यांची ठरली असती. फार पातळ द्रावणासाठी लांब नळी घ्यावी किंवा दुसरी पद्धत वापरावी. बाकी चुका बहुधा नळीतच होतात. हवेचा बुडबुडा प्रकाशाच्या वाटेत आला की अर्धवर्तुळे विस्कटतात. नळीला एका बाजूला फुगा काढलेला असतो तो बुडबुडा तिथे सरकवून ठेवण्यासाठीच. टोकाची झाकणे हौसेने घट्ट आवळली तर काचेच्या चकत्यांवर ताण येतो. ताणलेली काच स्वतःच ध्रुवणात ढवळाढवळ करते आणि पाणी भरल्यावरही शून्य जागेवर येत नाही. शून्य वाचन प्रत्येक वेळी वेगळे आले तर आधी झाकणे सैल करून पाहावीत.

साखर कारखान्यात हेच उपकरण शर्करामापक म्हणून वापरतात. त्याची मापपट्टी कोनाऐवजी साखरेच्या अंशांत आखलेली असते. १०० मिलिलिटर द्रावणात २६ ग्रॅम शुद्ध सुक्रोज घेऊन २० सेंटिमीटरच्या नळीत, २० अंश सेल्सिअसला पाहिले की वाचन १०० यावे अशी ती आखणी. उसाचा रस गढूळ आणि रंगीत असतो. त्याला निवळण्यासाठी पूर्वापार शिशाचे क्षार घालून गाळत आले आहेत. शिसे विषारी असल्याने आता शिसेविरहित निवळके आणि गडद द्रावणातूनही पार जाणारा सुमारे ८८० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश वापरणारी उपकरणे आली आहेत.

समजा रसाचा ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण, १८ आहे आणि घनता १.०७२. निवळ रसाचे शर्करामापकावरील वाचन ६४ आले. ६४ ला ०.२६ ने गुणून १.०७२ ने भागले की १५.५ येते. हा रसाचा पोल टक्के. त्याला १८ ने भागले की शुद्धता ८६ टक्के. त्या दिवशीच्या रसातून किती साखर पोत्यात जाईल आणि किती मळीत राहील याचा अंदाज या आकड्यापासून सुरू होतो.

पोल म्हणजे साखर नव्हे, हे इथे नीट समजून घ्यायला हवे. उपकरण फक्त वलन मोजते आणि रसात फिरवणारे पदार्थ इतरही असतात. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की सुक्रोजचे विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. ग्लुकोज उजवीकडे सुमारे ५२.७ अंश फिरवते, पण फ्रुक्टोज डावीकडे ९२ अंशांच्या आसपास, म्हणून दोघांचे मिश्रण सुमारे २० अंश डावे पडते. वलनाची दिशा अशी उलटते म्हणून या क्रियेला इन्व्हर्शन, म्हणजे उलटणे, म्हणत आले आहेत. आकड्यांत पाहायचे तर १३.३ अंश फिरवणाऱ्या द्रावणातली ५ टक्के साखर अशी फुटली तर वलन १२.४ वर येते. साखर ५ टक्के गेली, पण वाचन साडेसहा टक्क्यांनी खाली आले. ब्रिक्स मात्र जवळपास तेवढाच राहतो, म्हणून शुद्धता घसरलेली दिसते.

शिळ्या उसात उलट फसवणूकही होते. ल्युकोनॉस्टॉक जातीचे जीवाणू सुक्रोजपासून डेक्स्ट्रान नावाचा बुळबुळीत पदार्थ तयार करतात. तो सुक्रोजच्या जवळजवळ तिप्पट उजवीकडे फिरवतो. साखर नासलेली असते, रस चिकट होतो, गाळायला वेळ लागतो, तरी पोल चांगला दिसतो. रस नेहमीपेक्षा हळू गळत असेल आणि पोल मात्र संशय यावा इतका चढा असेल, तर डेक्स्ट्रानची वेगळी चाचणी करावी.

खरे सुक्रोज हवे असेल तर वलन दोनदा मोजावे लागते. क्लेर्जे यांनी १८४० च्या दशकात सुचवलेल्या पद्धतीत पहिले वाचन रसाचे घेतात. मग ठरावीक प्रमाणात हायड्रोक्लोरिक आम्ल घालून ठरावीक तापमानाला सुक्रोज पूर्ण फोडतात, द्रावण थंड करतात आणि पुन्हा वाचन घेतात. आम्लाऐवजी इन्व्हर्टेज हे विकरही चालते. आधीपासून असलेले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही वाचनांत जवळजवळ सारखेच राहते, म्हणून दोन वाचनांतला फरक सुक्रोजचाच धरता येतो. दुसऱ्या वाचनात तापमानाकडे बारीक लक्ष हवे. सुक्रोजचे वलन तापमानाने फारसे बदलत नाही, पण फ्रुक्टोजचे चांगलेच बदलते. उन्हाळ्यातल्या ३५ अंशांच्या खोलीत घेतलेले दुसरे वाचन २० अंशांच्या सूत्रात तसेच घातले तर सुक्रोज कमी निघते.