जॉब एनलार्जमेंट, एनरिचमेंट आणि रोटेशन: गोंधळ सुरू कुठून झाला त्याची पार्श्वभूमी

एमबीए, एमकॉम किंवा नेटची तयारी करणाऱ्यांना हा प्रश्न कधी ना कधी येतोच, की मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरला आता मशीनचं सेटिंग आणि तयार मालाची तपासणीही करायला दिली, तर हे एनलार्जमेंट की एनरिचमेंट? अर्धे जण म्हणतात कामं वाढली म्हणजे एनलार्जमेंट, अर्धे म्हणतात जबाबदारी वाढली म्हणजे एनरिचमेंट, आणि गाइडमधल्या व्याख्या पाठ करून हे भांडण मिटत नाही. कारण हा प्रश्न म्हणजे जवळपास जशीच्या तशी 1940 च्या दशकातली एक खरी घटना आहे, आणि ती घडली तेव्हा या दोन गोष्टी वेगळ्या केलेल्याच नव्हत्या.

थोडं मागून सुरू करू. फ्रेडरिक टेलरने 1911 च्या पुस्तकात जे मांडलं त्याचा गाभा असा, की कामाचा विचार मॅनेजमेंटने करायचा आणि कामगाराने फक्त हात चालवायचे. हेन्री फोर्डच्या हायलँड पार्क कारखान्यात 1913 साली सरकती असेंब्ली लाइन आली आणि एकेका माणसाच्या वाट्याला एकच बारीकसं काम उरलं. त्या वर्षी तिथे लोक सोडून जाण्याचं प्रमाण साधारण 370 टक्क्यांवर गेलं होतं, म्हणजे एका जागेसाठी वर्षात तीन-चार माणसं भरावी लागत होती. जानेवारी 1914 मध्ये फोर्डने रोजचे पाच डॉलर जाहीर केले आणि माणसं टिकली, पण काम होतं तसंच राहिलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मानसशास्त्रज्ञ हर्झबर्गचा सगळा मुद्दा यावरच आहे.

आता ती घटना. न्यूयॉर्क राज्यातल्या एंडिकॉटमध्ये आयबीएमचा कारखाना होता. 1943 च्या सुमाराला कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन तिथे फिरत होते, तेव्हा एक ऑपरेटर बाई मशीनपाशी नुसती उभी दिसली. विचारलं तर कळलं की सेटिंग बदलायला सेटअप करणारा माणूस यायचाय, तो आला की काम सुरू. मग हे तुला येत नाही का, तर म्हणे येतं, पण नियमात बसत नाही. वॉटसननी तिथून पुढे सेटिंग आणि तपासणी ऑपरेटरकडेच द्यायला लावली, त्यासाठी ट्रेनिंग दिलं, पगारही वाढवले. मालाचा दर्जा सुधारला, खोळंबून राहायचा वेळ कमी झाला आणि सेटअपवाल्यांची वेगळी जागा जवळजवळ संपलीच. चार्ल्स वॉकर नावाच्या अभ्यासकाने 1950 मध्ये हे लिहिलं आणि त्याला जॉब एनलार्जमेंट म्हटलं.

नीट बघा इथे काय झालंय. सेटिंग हे एक जादा काम आहे, बरोबर, पण आपला माल चांगला की वाईट हे आपणच ठरवणं हा आधी दुसऱ्याच्या हातात असलेला अधिकार होता. म्हणजे एनलार्जमेंटचं सगळ्यात गाजलेलं उदाहरणच आजच्या भाषेत अर्धं एनरिचमेंट आहे. वॉकर आणि रॉबर्ट गेस्ट यांनी 1952 मध्ये मोटार कारखान्यातल्या लाइनवरच्या कामगारांवर पुस्तक लिहिलं, त्यातही रोटेशन आणि एनलार्जमेंट हे दोन्ही कंटाळ्यावरचे उपाय म्हणून येतात. वरची-खालची, म्हणजे अधिकाराची दिशा अजून कुणी वेगळी काढलेली नव्हती.

ती काढली फ्रेडरिक हर्झबर्गने. 1959 मध्ये त्याने सहकाऱ्यांबरोबर पिट्सबर्ग भागातल्या सुमारे 200 इंजिनियर आणि अकाउंटंट लोकांच्या मुलाखतींवरून सांगितलं की पगार, सुपरवायझर, कंपनीचे नियम या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो, पण कामात जीव ओतायला लावतं ते खुद्द काम, त्यातली जबाबदारी, यश, वाढ. मग 1968 च्या लेखात तो थेट म्हणाला की नुसती कामं वाढवणं म्हणजे शून्यात शून्य मिळवणं, आणि कामं आलटून पालटून देणं म्हणजे एक शून्य काढून दुसरं ठेवणं, थोडा वेळ ताटं विसळायची आणि मग चमचे. पहिल्याला त्याने आडवी भर म्हटलं, आणि अधिकार-जबाबदारी वाढवण्याला उभी भर. एनरिचमेंट म्हणजे ही उभी भर.

त्या लेखातलं एक उदाहरण परीक्षेसाठी सोन्यासारखं आहे, कारण त्यात एकाच ऑफिसात दोन्ही प्रकारच्या सूचना शेजारी शेजारी दिसतात. एका मोठ्या कंपनीत शेअरहोल्डरांच्या पत्रांना उत्तरं देणाऱ्या बायका होत्या, चांगल्या शिकलेल्या, ट्रेनिंग घेतलेल्या, तरी काम रटाळ. काय बदलायचं याची यादी केली तेव्हा त्यात असंही आलं होतं की रोज इतकी पत्रं झालीच पाहिजेत असा कोटा लावा, टायपिंगही त्यांनाच करू द्या, अवघड पत्रं एक-दोघींकडे वळवा म्हणजे बाकीच्या भराभर उरकतील, किंवा वेगवेगळ्या ग्राहकांच्या विभागात फिरवून परत मूळ जागी आणा. हे सगळं बाजूला काढलं. टायपिंग ही आडवी भर, विभाग फिरवणं हे रोटेशन, आणि कोटा म्हणजे आहे तेच काम जास्त.

जे ठेवलं ते असं: सुपरवायझरच्या सहीऐवजी पत्रावर त्या बाईची स्वतःची सही, अनुभवी असेल तर तिची सगळी पत्रं तपासण्याऐवजी साधारण 10 टक्केच तपासायची, पत्र सुपरवायझरच्या टेबलावरून न जाता थेट टपाल विभागात, उत्तर ठरीव मजकुराऐवजी आपल्या शब्दांत, आणि चूक झाली तर जबाबदार तीच. बघा, यात पत्रांची संख्या वाढली नाही, नवं काम आलं नाही, बदलला तो हुकूम कुणाचा चालतो एवढाच भाग. सुरुवातीला या गटाची कामगिरी उलट घसरली, मग काही महिन्यांत ज्यांच्यात बदल केला नव्हता त्या गटाच्या वर गेली. ही सुरुवातीची घसरण महत्त्वाची आहे, कारण कंपन्या बऱ्याचदा तिथेच घाबरून जुनं परत आणतात, आणि आपलं काम हिरावलं म्हणून सुपरवायझरही अस्वस्थ होतात.

म्हणून केस आली की मी तरी आधी कामांची संख्या मोजत नाही, दोनच गोष्टी बघते. एका वेळी माणसाकडे काम तेवढंच राहून तो नुसता एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीच्या कामावर जातोय का? तसं असेल तर रोटेशन. खुर्ची तीच असेल तर मग जे नवं आलं ते आधी कुणाकडे होतं? शेजारच्या सहकाऱ्याकडे असेल तर एनलार्जमेंट, वरच्याकडे असेल, म्हणजे ठरवणं, तपासणं, सही करणं, तर एनरिचमेंट. समजा बँकेत कॅशियर पैसे घेण्याबरोबर पासबुक छापून द्यायला लागला, एनलार्जमेंट. त्याच्या पैसे देण्याची मर्यादा वाढवली आणि तेवढ्या रकमेपर्यंत अधिकाऱ्याची मंजुरी काढून टाकली, एनरिचमेंट. काही महिन्यांनी कॅशवरून क्लिअरिंगला पाठवला, रोटेशन. आणि इथे एक लक्षात घ्या, आपल्या सरकारी बँकांत नाजूक जागांवरच्या लोकांना फिरवलं जातं ते मुख्यतः गैरव्यवहार टाळायला, केंद्रीय दक्षता आयोगाच्या सूचनाच तशा आहेत, त्यामुळे रोटेशनचा हेतू विचारला तर दरवेळी कंटाळा घालवणं हे उत्तर लिहू नका, केसमध्ये काय दिलंय ते बघा.

मग सुरुवातीच्या ऑपरेटरचं काय? सेटिंग आणि तपासणी दोन्ही दिली असेल आणि माल नाकारायचा अधिकारही त्याचाच असेल तर हर्झबर्गच्या हिशोबाने एनरिचमेंट. तपासणी फक्त मापं घेऊन वहीत लिहिण्यापुरती आणि निर्णय पुन्हा इन्स्पेक्टरचाच असेल तर एनलार्जमेंट. आणि प्रश्नात आयबीएम आणि 1940 चं दशक असं स्पष्ट दिलं असेल तर पर्यायांत एनलार्जमेंट निवडा, कारण इतिहासात त्याची नोंद त्याच नावाने झाली आहे, पण वर्णनात्मक उत्तर असेल तर त्यात उभी भरही होती हे एका वाक्यात जरूर लिहा.