रुपया हातात न घेता रुपयाचा वायदा : एनडीएफ बाजाराची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०१३ मध्ये बुटीबोरीचे एक सूत निर्यातदार सीताबर्डीवरील आमच्या शाखेत सकाळी नऊच्या आधीच येऊन बसत. मे महिन्यात ५५ च्या आसपास असलेला डॉलर २८ ऑगस्टला ६८ च्या पुढे गेला होता. त्यांचा प्रश्न असा होता : “साहेब, संध्याकाळी बाजार बंद झाला तेव्हाचा दर मी स्वतः पाहिला होता. रात्री कोणी रुपया विकला नाही, घेतला नाही. मग सकाळी पहिलाच दर रुपयाभराने वर कसा?” रात्री सौदे झाले होते, पण ते भारतात झाले नव्हते आणि त्यांत एकही रुपया या हातातून त्या हातात गेला नव्हता. सिंगापूर, लंडन आणि न्यूयॉर्क येथील या सौद्यांना नॉन-डिलिव्हरेबल फॉरवर्ड म्हणतात. आम्ही रोजच्या बोलण्यात एनडीएफ म्हणतो.

विदर्भात ज्यांच्या घरी कापसाचा व्यापार होता, त्यांना यातील मूळ कल्पना नवीन वाटणार नाही. गाठी उचलायच्या नाहीत, मुदतीच्या दिवशी ठरलेला भाव आणि बाजारभाव यांतील फरक तेवढा चुकता करायचा, अशा वायद्याची ओळख आपल्याला आहेच. एनडीएफमध्ये कापसाच्या जागी चलन असते आणि फरक डॉलरमध्ये दिला-घेतला जातो. मात्र येथे माल न उचलणे ही सोय नसून सक्ती आहे. साध्या फॉरवर्डमध्ये मुदतीच्या दिवशी एका बाजूने डॉलर आणि दुसऱ्या बाजूने रुपये द्यावे लागतात. भारताने चालू खात्यावरील, म्हणजे आयात-निर्यातीसारख्या व्यवहारांसाठी रुपयाची परिवर्तनीयता, म्हणजे तो परकीय चलनात मोकळेपणाने बदलण्याची मुभा, ऑगस्ट १९९४ मध्ये स्वीकारली. भांडवली खात्यावरील, म्हणजे गुंतवणूक आणि कर्जाच्या व्यवहारांवरील नियंत्रणे मात्र, ती उठवण्याचा मार्ग सुचवणाऱ्या १९९७ च्या तारापोर समितीनंतरही टप्प्याटप्प्यानेच सैल झाली. सिंगापूरमधील दोन बँकांनी आपसांत रुपये पोहोचते करायचे म्हटले, तर ते ठेवायला त्यांच्याकडे भारताबाहेर रुपयाची मोकळी खाती नाहीत. भारतात येऊन फॉरवर्ड करायचा, तर परदेशी गुंतवणूकदाराला आपल्यापाशी खरोखर तेवढी रुपयांतील गुंतवणूक आहे हे कागदोपत्री दाखवावे लागे. त्यातच १५ डिसेंबर २०११ रोजी रिझर्व्ह बँकेने फॉरवर्ड रद्द करून पुन्हा बुक करण्याची मुभाही काढून घेतली. असे निर्बंध वाढले की व्यवहार थांबत नाही, तो समुद्रापलीकडे जातो.

हे केवळ रुपयाच्या बाबतीत घडलेले नाही. ऑस्ट्रेलियात विनिमय नियंत्रणे असताना १९७० च्या दशकात फरकावर मिटवले जाणारे फॉरवर्ड चालत; फरक ऑस्ट्रेलियन डॉलरमध्येच चुकता होत असल्यामुळे ते नियमांत बसत. डिसेंबर १९८३ मध्ये तेथील चलन मुक्त झाले, नियंत्रणे उठली आणि त्या वेगळ्या बाजाराचे कारणच उरले नाही. १९९० च्या दशकात लॅटिन अमेरिकेतील आणि पाठोपाठ आशियातील चलनांसाठी हीच रचना डॉलरमधील फरकाच्या रूपात पुढे आली. दक्षिण कोरियाने १९९९ मध्ये आपल्या बँकांना या परदेशी बाजारात उतरू दिले. भारताने तो निर्णय घ्यायला आणखी दोन दशके घेतली.

सौदा प्रत्यक्षात कसा मिटतो, हे कल्पित आकड्यांवरून पाहू. एका परदेशी फंडाकडे साडेआठ कोटी रुपयांचे भारतीय रोखे आहेत आणि तीन महिन्यांनी ते विकून डॉलर परत न्यायचे आहेत. सोपेपणासाठी व्याज बाजूला ठेवू. फंड ८५.०० रुपये दराने १० लाख डॉलरची एनडीएफ खरेदी करतो. मुदतीच्या दोन कामकाजाच्या दिवस आधी मुंबईत जाहीर होणारा संदर्भ दर हा निकालाचा दर धरला जातो. पूर्वी तो रिझर्व्ह बँक स्वतः जाहीर करी, जुलै २०१८ पासून एफबीआयएल ही संस्था करते. समजा तो ८६.७० आला. डॉलरमागे १.७० रुपये, म्हणजे एकूण १७ लाख रुपयांचा फरक झाला. त्याला पुन्हा ८६.७० ने भागले की १९,६०८ डॉलर येतात आणि तेवढेच फंडाच्या खात्यात जमा होतात. इकडे रोखे विकून मिळालेले साडेआठ कोटी त्याच दराने बदलले, तर ९,८०,३९२ डॉलर हाती येतात. दोन्हींची बेरीज बरोबर १० लाख होते. रुपया ८४ वर मजबूत झाला असता, तर फंडाला उलट फरक भरावा लागला असता आणि रोख्यांवर मिळालेल्या जास्तीच्या डॉलरमधून तो भरून निघाला असता.

हे गणित ‘त्याच दराने’ या शब्दांवर उभे आहे, आणि गडबड होते ती नेमकी तेथेच. संदर्भ दर दुपारच्या सुमारास येतो, तर रोख्यांचे पैसे कदाचित संध्याकाळी ८६.८० ने बदलले जातात. मग सुमारे १,१२९ डॉलर कमी पडतात आणि ती तूट एनडीएफ भरून देत नाही. मुंबईत अचानक सुटी जाहीर झाली आणि संदर्भ दरच आला नाही, तर निकाल पुढे ढकलावा लागतो. शिवाय एनडीएफ दराच्या धोक्यापासून वाचवतो, पण पैसा देशाबाहेर नेण्यावरच उद्या बंधन आले तर त्यावर त्याच्याकडे काहीही उपाय नाही. माझ्या मते ही मर्यादा सर्वांत मोठी आहे आणि तिचा उल्लेख फार कमी होतो.

आता त्या निर्यातदारांच्या प्रश्नाकडे येऊ. समजा मुंबईत तीन महिन्यांचा डॉलर ८५.०० ला आणि सिंगापुरात ८५.२० ला आहे. ज्याला दोन्हीकडे व्यवहार करता येतो, तो मुंबईत डॉलर घेतो, सिंगापुरात विकतो आणि मुदतीला २० पैसे कमावतो. त्यासाठी मुंबईतील आपला डॉलर त्याला संदर्भ दराच्या जवळपास विकता यायला हवा, एवढीच अट. २०१३ मध्ये भारतीय बँकांना एनडीएफ बाजार बंद होता. परदेशात उपकंपन्या असलेल्या मोठ्या उद्योगांना मात्र ही वाट मोकळी होती, असे बाजारात मानले जाई. असे सौदे वाढले की मुंबईत डॉलरची मागणी वाढते आणि बाहेरची घबराट आतल्या दरात उतरते. सकाळी नऊला पहिला दर देणारा डीलरही रात्रीचा न्यूयॉर्कचा दर पाहूनच बोलतो. २२ मे २०१३ रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने रोखेखरेदी कमी करण्याचे सूचित केल्यानंतर हे दोन्ही मार्ग एकदमच चालू झाले होते. सरळ बँकेत फॉरवर्ड बुक करणाऱ्या बुटीबोरीच्या निर्यातदाराचा एनडीएफशी कागदोपत्री काहीही संबंध नव्हता, पण त्याचा भाव तेथे ठरत होता.

एप्रिल २०१९ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत लंडनमध्ये रुपयाचे दररोज सरासरी ४६.८ अब्ज डॉलरचे व्यवहार आढळले, तर भारतात ३४.५ अब्ज डॉलरचे. त्याच वर्षी उषा थोरात यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाने परदेशातील रुपया बाजाराचा अहवाल दिला. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने भारतातील बँकांना अनिवासी ग्राहकांना कोणत्याही वेळी दर देण्याची परवानगी दिली. १ जून २०२० पासून गिफ्ट सिटीसारख्या वित्तीय केंद्रात शाखा असलेल्या भारतीय बँकांना एनडीएफमध्ये उतरण्याची मुभा मिळाली. त्यामुळे मुंबई आणि सिंगापूर यांतील दराची दरी बुजवण्याचे काम, जे पूर्वी आडवाटेने चाले, ते नियामकाच्या नजरेसमोर करणे बँकांना शक्य झाले.